पिकअपला ६ पीआर की ८ पीआर?

पीआर म्हणजे टायरमधले थर नव्हेत, ताकदीचा दर्जा. एलटी, म्हणजे हलक्या मालगाडीच्या टायरमध्ये ६ पीआर म्हणजे लोड रेंज सी, हवा साधारण ५० पीएसआयपर्यंत. ८ पीआर म्हणजे डी, ६५ पर्यंत. वजन पेलते ती हवा. त्यामुळे ८ पीआर बसवून हवा ५०च ठेवली, तर जादा पैसे वाया!

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी पिकअप घ्या. मागच्या एकेका टायरवर १०५० किलो येतात. टायर किती वजन पेलतो ते त्याचा लोड इंडेक्स सांगतो. समजा ६ पीआरचा टायर १०४ इंडेक्सचा आहे, तो ९०० पेलतो; ८ पीआरचा ११०चा, तो १०६०. पहिल्याची बगल चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, रबर तापतं, आतले थर सुटायला लागतात. मधली नक्षी शाबूत आणि दोन्ही कडा झिजलेल्या दिसल्या, की समजायचं, टायरला वजन झेपत नाही.

रोज जड माल असेल तर मी ८ पीआरच घेईन. रिकाम्या गाडीत तो दणके देतो, ते सोसायचं. पासिंगचं वजन मात्र टायर बदलून वाढत नाही, पाटे आणि अ‍ॅक्सल तेच राहतात.