भाडेकरू पळाला, सामान ठेवून गेला: ते सामानच फास असतं

भाडं बुडवून पळणारे कसे गोड बोलतात, हे मी कुणाला सांगायला नको. मला सांगायचंय ते मागे ठेवलेल्या सामानाबद्दल. पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या फ्लॅटमधून भाडेकरू गेला, तेव्हा आत एक जुना फ्रीज, गादी, तीन खोकी आणि कुलूप लावलेलं लोखंडी कपाट होतं. आम्हाला वाटलं, सामान आहे म्हणजे माणूस परत येईल. आपल्याला तसं वाटावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

आधी हिशोब. भाडं महिना 21,000, डिपॉझिट 60,000. जूनमध्ये फोन आला, "काकू, या महिन्याचं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या, पगार लांबलाय." जुलैत 10,000 टाकले आणि 11,000 राहिले. ऑगस्ट कोरडा गेला. ऑगस्टच्या शेवटी गेटच्या रजिस्टरमध्ये टेम्पोची नोंद आहे: 'गणपतीसाठी सामान गावी'. टेम्पोत वॉशिंग मशीन होतं. गणपतीला वॉशिंग मशीन घेऊन गावी कोण जातं? वॉचमनने ते मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसले! पण आठ महिने 1 तारखेला पैसे टाकणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा तरी कसा? माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही घेतला नसता. तरी एवढं सांगते: 'डिपॉझिटमधून वळतं करा' हे वाक्य कानावर आलं की त्याच दिवशी लेखी उत्तर द्या, की डिपॉझिट भाड्यात धरणार नाही आणि थकबाकी अमुक तारखेपर्यंत हवी. व्हॉट्सॲपवर दिलंत तरी चालेल, फक्त फोनवर बोलून सोडू नका. मी फोनवर 'बरं' म्हटलं, आणि ते 'बरं' पुढे संमती म्हणून माझ्याच तोंडावर फेकलं गेलं.

सप्टेंबर उजाडला तेव्हा त्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात गेले. "मॅडम, हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, निदान दार उघडताना कुणीतरी हजर राहा. "आम्ही उघडा म्हणत नाही, उघडू नका असंही म्हणत नाही." मग विचारतात, माणूस हरवलाय का? हरवला असेल तर नातेवाइकांनी यावं. माझा अर्ज कुणी वाचलासुद्धा नाही. पोच मागितली तर साहेब नाहीत, शिक्का साहेबांच्या कपाटात. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या म्हणून दम आम्हालाच. ती दिली, आणि तिचा उपयोग शून्य. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही यात पडत नाही." मेंटेनन्स एक दिवस उशिरा भरला की मात्र पडतात! काउंटरवर पोच मिळत नसेल तर वाद घालू नका. तोच अर्ज वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे पोस्टाने पाठवा, पावती जपा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पोच हवी असेल तर खिडकीवर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

आमचा करार नोंदणीकृत होता, हीच काय ती जमेची बाजू. करार नोंदवलेला नसेल तर भाडं नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ते मालकाने. आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा रिकामी करून घ्यायचा जो रस्ता कलम 24 मध्ये आहे, तो कराराची मुदत संपल्यावरचा. आमची मुदत डिसेंबरपर्यंत होती. माणूस गायब असला तरी कागदोपत्री घर त्याच्याच वापरात. म्हणून वकिलांनी करारातल्या एक महिन्याच्या अटीप्रमाणे करार संपवल्याची नोटीस दिली. त्यात थकबाकीचा आकडा लिहिला आणि सामान न्यायला तारीख दिली. ती त्याच्या गावच्या पत्त्यावर, फ्लॅटच्या पत्त्यावर, ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर गेली. गावची पाकिटं शेरा मारून परत आली. परत आलेलं पाकीट फोडू नका! बंद पाकीट आणि त्यावरचा शेरा हाच पुरावा असतो.

आणि याच महिन्यात घात झाला. खालच्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी टपकायला लागलं. माझ्याकडे डुप्लिकेट किल्ली होती. वॉचमनला घेऊन वर गेले, कॉक बंद केला, दार ओढून खाली आले. दहा मिनिटंसुद्धा आत नव्हते. पाणी गळत असताना काय पंचांची वाट बघत बसायचं? पण तेव्हा मोबाइल हातात होता आणि मी व्हिडिओ काढला नाही, खालच्यांकडून दोन ओळींची लेखी तक्रारही घेतली नाही. हाच तो क्षण. तो आठवला की अजूनही माझं डोकं तापतं.

नोटिशीची मुदत संपल्यावर 4 ऑक्टोबरला मात्र सगळं रीतसर केलं. दाराबाहेरून न तोडता एकसलग व्हिडिओ, पंच म्हणून शेजारचे निवृत्त शिक्षक आणि समोरच्या विंगमधल्या बाई. पंच नातेवाईक नकोत. कपाट किल्लीवाल्याकडून कॅमेऱ्यासमोर उघडवलं, त्याने 600 घेतले. आत दोन स्वेटर, झाकण नसलेला कुकर आणि विजेची जुनी बिलं. प्रत्येक वस्तूला नंबर दिला. यादीत नुसतं 'फ्रीज' लिहू नका, कंपनी, रंग, अवस्था आणि चालू की बंद तेही लिहा. मीटरचं रीडिंग, तारीख, वेळ, पंचांच्या आणि किल्लीवाल्याच्या सह्या. खोकी चिकटपट्टीने बंद करून पट्टीवरही सह्या. यादीची प्रत दुसऱ्या नोटिशीसोबत पाठवली.

ते सामान विकून वसुली करा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. भाडं थकलं म्हणून त्याचा फ्रीज आपला होत नाही. परस्पर विकलात तर उद्या आरोपी तुम्ही. थकबाकीसाठी दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं.

ऑक्टोबरमध्येच त्याचा मेहुणा उगवला. म्हणे कपाटात 40,000 रोख आणि सोन्याची चेन होती, एकूण 1,85,000 द्या. मी व्हिडिओ दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "त्याच्या आधी तुम्ही आत गेला होतात की." हे त्याला सोसायटीतूनच कळलं असणार. कॅमेऱ्याचं फुटेज आमच्याकडे 15 दिवसांनी पुसलं जातं, ते गेलेलं. त्या वॉचमनला एजन्सीने दुसरीकडे पाठवलेलं. ठाण्यात गेले तर पुन्हा तेच, दिवाणी मॅटर. टेम्पोचं फुटेज आणि गेटच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो पहिल्याच आठवड्यात घ्या, नंतर कुणी देत नाही.

थकलेलं भाडं सप्टेंबर धरून 74,000, वीजबिल 6,870, एकूण 80,870. डिपॉझिट वजा जाता 20,870 मला येणं होतं. त्यावर पाणी सोडलं, कारण सोन्याच्या भानगडीत कोर्टाच्या पायऱ्या चढायची ताकद नव्हती. वकिलांचे 5,000 आणि किल्लीवाल्याचे 600 वेगळेच.

सामान मात्र मेहुण्याच्या नुसत्या शब्दावर दिलं नाही. भाडेकरूच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत मागितली. नंबर बंद असलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी दोन्ही पाठवलं! यादीतल्या प्रत्येक नंबरपुढे मेहुण्याची सही घेतली आणि खाली त्याच्याच हाताने लिहून घेतलं, "वरील सर्व सामान मिळाले. याव्यतिरिक्त घरात माझे किंवा भाडेकरूचे काही नव्हते व नाही. डिपॉझिटबाबत काही येणे नाही." 'नव्हते' लिहायला तो तयार नव्हता. ते लिहीपर्यंत मी फ्रीज लिफ्टमध्ये चढवू दिला नाही.