खाजनातली माती, विहिरीचं पाणी आणि पेन मीटरवाला: माझे ७,८०० रुपये कसे गेले

आमचं शेत गोव्यात पेडण्यात, शापोरा नदीच्या बाजूला, खाजनातलं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतलं. साधारण २,००० चौरस मीटर. पावसात भात आणि नंतर मिरची, अळसांदे म्हणजे आमची चवळी. बांधापलीकडे खारं पाणी असल्यामुळे मीठ ही आमची कायमची धास्ती, आणि त्या धास्तीवरच त्या माणसाने बरोबर बोट ठेवलं.

गेल्या वर्षी मेमध्ये आला. बॅग, टोपी, खिशाला दोन पेन मीटर, बोलायला एकदम गोड. "दादा, माती चेक करून देतो, फुकट." शेतात वरवर पांढरी खपली आली होती ती त्याने खुरप्याने खरवडून घेतली, आमच्याच विहिरीचं पाणी प्लास्टिकच्या ग्लासात घेऊन ढवळलं आणि लगेच पेन बुडवला. ईसी ३.५, पीएच ६.८. म्हणाला पीएच मस्त आहे पण मीठ बघा, यात काही उगवणार नाही, जमीन मेली. मग दुसऱ्या ग्लासात बॅगेतलं सीलबंद बाटलीचं पाणी ओतलं, माती या वेळी जरा खालून घेतली, आपल्या कॅनमधलं काळं लिक्विड चार थेंब टाकलं, पेन बुडवला, ०.७! आई बाजूला उभी होती, ती म्हणाली घेऊन टाक रे बाबा, जमीन आहे. एक लिटरचे १२ कॅन, ६५० चा एक, ७,८०० रुपये झाले, मी दिले.

आता दोन ग्लासांत दोन वेगळी पाणी होती हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही, दिसलं, पण त्याने काय फरक पडतो ते कळलं नाही. इथेच सगळा खेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे त्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते, आकडे डेसीसायमन प्रति मीटरचे. पेनला माती कळत नाही, त्याला फक्त ग्लासातलं पाणी कळतं. म्हणून मातीतलं मीठ मोजायचं तर पाणी असं पाहिजे की ज्यात स्वतःचं मीठ जवळजवळ नाही, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. माझ्या भाच्याच्या कॉलेजात लॅब आहे, तिथे जूनमध्ये आम्ही सगळं परत करून पाहिलं, खपली मी घरी डब्यात ठेवली होती आणि विहिरीचं पाणी मेमध्येच बाटलीत भरून ठेवलं होतं. नुसत्या विहिरीच्या पाण्याची ईसी २.१ आली! मेमध्ये आमच्याकडे नदीकाठच्या विहिरी मचूळ होतातच. खपली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळली तर १.४. दोन्हींची बेरीज करा, ३.५. त्याचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो माझ्या शेताचा नव्हता, विहिरीचा आणि खपलीचा मिळून होता.

खपलीचं पण समजून घ्या. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं, उडून जातं आणि मीठ वरच साठतं. वरची अर्धा सेंटीमीटर माती म्हणजे शेत नाही. आठ-दहा ठिकाणांहून वरचा थर बाजूला करून १५ सेंटीमीटर खोलपर्यंतची माती घ्यायची, एकत्र करायची, सावलीत सुकवायची, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळायची. मग २० ग्रॅम माती आणि ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे एकास अडीच, अर्धा तास मधून मधून ढवळत ठेवायचं. पीएच गढूळ पाण्यातच बघायचा, नंतर गाळ खाली बसू द्यायचा आणि वरच्या निवळ पाण्यात ईसी. पेन आधी कॅलिब्रेट करायचा, पीएचसाठी ४ आणि ७ चे बफर, ईसीसाठी १.४१ चं पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण. त्या माणसाने यातलं एकही केलं नव्हतं, प्रमाण तर नाहीच, मूठभर माती आणि अंदाजे पाणी.

माझ्या शेताची अशी व्यवस्थित घेतलेली माती (ही मी पाऊस पडायच्या आधी, जिथे लिक्विड टाकलं नव्हतं त्या भागातली काढून ठेवली होती) ईसी ०.६२, पीएच ५.२. म्हणजे माती आम्ल, त्याने मस्त म्हटलेला पीएचच खरी अडचण होती, आणि विहिरीच्या पाण्यातल्या आम्लपणा मारणाऱ्या बायकार्बोनेटने ती झाकली गेली होती!

आता ०.६२ म्हणजे काय. पुस्तकात ४ च्या वर खारवट जमीन असं असतं, ते संपृक्त मातीच्या लगद्यातून काढलेल्या पाण्याचं असतं, एकास अडीचचं नाही. अडीचपट पाण्यात मीठ पातळ होतं म्हणून आकडा कमी दिसतो, मातीच्या पोतानुसार तो तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त करावा लागतो. आमच्या मातीला साडेतीनपट धरलं तर साधारण २.२. भात ३ पर्यंत टिकतो, अळसांदे त्याहूनही जास्त सोसतात, मिरची मात्र १.५ च्या वर दर एका डेसीसायमनला सुमारे १४ टक्के उत्पादन घालवते, म्हणजे माझ्या मिरचीत दहा टक्क्यांच्या आसपास तूट. तूट आहे, पण जमीन मेली वगैरे नाही.

आणि लिक्विड! ५ मिली १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकून पाहिलं, ईसी जवळजवळ शून्यावरून ०.४ वर गेली. खता-औषधातले क्षार पाण्यात विरघळले की ईसी वाढते, कमी होत नाही. मातीतलं मीठ जायचं तर गोडं पाणी वरून खाली जायला हवं आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, बाहेर पडायला हवं, दुसरा रस्ता नाही. जिप्समसुद्धा सोडियम जास्त असून पीएच ८.५ च्या वर गेलेल्या जमिनीसाठी, आम्लपणा त्याने जात नाही.

सगळ्यात राग मला पुढच्या गोष्टीचा आला. सहा कॅन मी टाकले होते. ऑगस्टमध्ये भात छान होतं आणि त्याचा फोन, "बघा दादा, औषधाने काम केलं की नाही, अजून १२ घ्या." मी तेव्हा दोन्ही भागांची माती तपासली, लिक्विडवाली ०.२१, बिनलिक्विडची ०.२०, आणि शेजारच्या काकांची, ज्यांनी काहीच टाकलं नाही, तीही ०.२०. दोन महिन्यांच्या पावसाने मीठ धुतलं होतं, तो त्याचं बिल लावत होता. पैसे परत मागितले तेव्हापासून फोन बंद.

भाताला ५.२ चा फार त्रास नाही, पाणी साचलं की पीएच आपोआप वर सरकतो. मिरचीला आहे, म्हणून भात कापल्यावर लॅबने सांगितला तेवढाच चुना टाकला, लावणीच्या तीन आठवडे आधी, आणि युरियाबरोबर अजिबात नाही कारण नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. मिरची वरच्या वाफ्यात नेली, खाली अळसांदे.

कुणी पेन घेऊन आलाच तर त्याला म्हणा, आधी नुसत्या पाण्यात बुडव आणि आकडा दाखव. गेल्या आठवड्यात काकांकडे असाच दुसरा एक आला होता, काकांनी हेच म्हटलं, विहिरीच्या नुसत्या पाण्यात १.९ दिसले, आणि माती काढायच्या आधीच त्याने बॅग उचलली.