दुधाच्या दातांच्या प्रतिकृतीवर ब्रशचा खेळ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरच्या रामबाग भागात मी बालवाडी चालवते. गेल्या सत्राच्या आरंभी आम्ही मुलांसाठी दातांची एक मोठी प्लॅस्टिकची प्रतिकृती घेतली. बिजागरीवर उघडमीट होणारे दोन जबडे आणि त्यांच्या मापाचा एक मोठा ब्रश, असा हा संच आहे. अशा बहुतेक प्रतिकृती प्रौढांच्या 28 किंवा 32 दातांच्या असतात, तर चार-पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे 20 दात असतात. म्हणून आम्ही शोधून 20 दातांचीच घेतली. त्यामुळे मूल आपल्या दातांवरून जीभ फिरवत प्रतिकृतीतला तोच दात बोटाने दाखवू शकते.

आमचा मुख्य खेळ साधा आहे. व्हाइटबोर्डवर लिहिण्याच्या मार्करने दातांवर ठिपके द्यायचे आणि मुलांनी ओल्या ब्रशने लहान लहान गोल फिरवत ते पुसायचे. गुळगुळीत पृष्ठभागावरचा ठिपका हलक्या हातानेही निघतो, दाढांच्या खाचांतला मात्र रेंगाळतो. पोह्यांवरची शेव चावल्यावर तिचा लगदा याच खाचांत बसतो, हे इंदूरच्या मुलांना वेगळे समजवावे लागत नाही. दोन दाढांच्या फटीत आम्ही मळलेली कणीक दाबतो. ती ब्रशने निघत नाही, दोऱ्याने निघते, आणि दातांमधल्या फटी मोठ्यांनी दोऱ्याने का साफ करून द्यायच्या, हे पालकांनाही तिथेच दिसते.

पण प्रतिकृतीवर तरबेज झालेले मूल स्वतःच्या तोंडात तितकेच नीट ब्रश करते का, हा खरा प्रश्न आहे. साडेपाच वर्षांची एक मुलगी प्रतिकृतीवरचा एकही ठिपका सोडत नसे. तिच्या पालकांच्या संमतीने, ओळखीच्या दंतवैद्यांनी तिने ब्रश केल्यावर तिच्या दातांना थर दाखवणारे द्रावण लावले. दातांवर जिथे जिवाणूंचा चिकट थर उरलेला असतो, तिथे ते गुलाबी होते. पटाशीचे दात स्वच्छ निघाले, पण वरच्या दाढांची गालाकडची बाजू आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू गडद गुलाबी होती.

कारण प्रतिकृतीतच होते. तिला गाल नाहीत, जीभ नाही, आणि तोंड सदैव आ वासलेले असते. खऱ्या तोंडात आ वासला की गाल ताणला जातो, खालच्या जबड्याचे हाड पुढे सरकून वरच्या शेवटच्या दाढेजवळची जागा अरुंद होते आणि ब्रश तिथे शिरत नाही. बाहेरची बाजू घासताना तोंड अर्धे मिटले, तर गाल सैल पडतो आणि ब्रश सहज मागेपर्यंत जातो. उघड्या प्रतिकृतीवर मूल याच्या नेमके उलट शिकते. शिवाय प्रतिकृती समोर ठेवली, की तिची डावी बाजू मुलाच्या उजवीकडे येते.

म्हणून आम्ही खेळ बदलला. जाड फुगा कापून त्याचे रबर दोन्ही बाजूंना गालासारखे बांधले, आत लाल मोज्याची जीभ ठेवली, आणि प्रतिकृती मुलाच्या मांडीवर, तोंड पुढे करून ठेवली, म्हणजे तिची डावी बाजू मुलाच्याही डावीकडे राहते. बाहेरची बाजू घासायची तर जबडे जवळ आणायचे, आतली घासायची तर उघडायचे, असा नियम केला. काही आठवड्यांनी त्याच मुलीला पुन्हा द्रावण लावले, तेव्हा वरच्या दाढांची गालाकडची बाजू बरीच स्वच्छ दिसली. खालची जिभेकडची बाजू मात्र अजूनही गुलाबी होत होती, कारण खरी जीभ ब्रशला ढकलते आणि मोजा ढकलत नाही. ही बाजू खेळाने सुधारेल अशी अपेक्षा मी सोडली आहे. सात-आठ वर्षांपर्यंत ती मोठ्यांनीच घासून द्यावी. मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवले, की आतली बाजू नीट दिसते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नसल्यामुळे घरी तिला दुधाची समजतात. ती वर येत असताना शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे रांगेवरून आडवा फिरवलेला ब्रश तिला स्पर्शही न करता निघून जातो. आम्ही प्रतिकृतीत शेवटी कणकेची एक बुटकी दाढ बसवतो आणि तिच्या डोक्यावर ठिपका देतो. गालाच्या बाजूने ब्रश रांगेला काटकोनात आत घातला, तरच तो ठिपका पुसला जातो. आमच्या साऱ्या खेळांत पालकांच्या सर्वाधिक उपयोगी पडलेला खेळ हाच आहे.

टिकाऊपणा मध्यम आहे. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, तो अधूनमधून आवळावा लागतो. मार्करची शाई रात्रभर राहिली तर खाचांत डाग पडतो, म्हणून खेळ संपताच प्रतिकृती साबणाने धुवावी. खेळाचा ब्रश लहान मुले तोंडात घालतात, तेव्हा तो त्यांच्या हाती एकटा सोडू नये. प्रतिकृतीवर टूथपेस्ट वापरू नये, कारण मोठ्या ब्रशवर भरपूर पेस्ट पाहिलेले मूल घरीही तेवढीच मागते. खरे प्रमाण तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढे आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढे आहे. प्रतिकृती घेताना दात 20 आहेत ना आणि जबडे पूर्ण मिटतात ना, हे दुकानातच पाहावे; जबडे न मिटणाऱ्या प्रतिकृतीवर गालाकडची बाजू शिकवता येत नाही.