रजेच्या अर्जात किती सांगावं: मोतीबिंदू आणि अक्कलदाढ

त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागायचे तीन मार्ग आहेत. नुसतं ‘वैयक्तिक कारण’ लिहायचं, ‘छोटी शस्त्रक्रिया’ म्हणून कामावरच्या मर्यादा सांगायच्या, किंवा निदानासकट सगळं उघड करायचं. एक-दोन दिवसांसाठी आमचं मत मधल्या मार्गाला.

‘वैयक्तिक कारण’ लिहिलं की प्रश्न कमी येतात. अडचण येते ती परतल्यावर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासात उरकते, पण साधारणपणे दुसऱ्या दिवशी तपासणीला बोलावतात, म्हणजे रजा दोन दिवसांची. पुढेही काही आठवडे ठरलेल्या वेळी थेंब घालायचे असतात, सुरुवातीला जड वजन उचलायचं नसतं, डोळा धुळीपाण्यापासून जपायचा असतो आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नसते. आधी काहीच सांगितलं नसेल, तर चौथ्या दिवशी बाहेरच्या कामाला नाही म्हणताना सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

अक्कलदाढेत रजेचा वार महत्त्वाचा. अडकलेली दाढ हाड कोरून काढली, तर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. बुधवारी दाढ काढून गुरुवारी कामावर आलात, तर नेमकं शुक्रवारी तोंड उघडत नाही. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर गुरुवार-शुक्रवार रजा बरी. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं ओसरण्याऐवजी वाढलं आणि कानापर्यंत ठणका गेला, तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असू शकते (ड्राय सॉकेट). मग पुन्हा डेंटिस्टकडे जावं लागतं, म्हणून ती वेळ अर्जातच राखून ठेवावी:

‘गुरुवारी माझी दातांची छोटी शस्त्रक्रिया ठरली आहे. गुरुवार व शुक्रवार रजा मंजूर करावी, ही विनंती. सोमवारी कामावर येईन, पण गरज पडल्यास त्या दिवशी अर्धा दिवस लागू शकतो. सोमवारी जास्त वेळ बोलणं जमणार नाही, त्यामुळे फोनऐवजी ईमेलवर काम करेन. रजेच्या दिवसांतलं तातडीचं काम सहकाऱ्याकडे सोपवलं आहे.’

यात कोणती दाढ, किती टाके, कुठला दवाखाना यातलं काही नाही. साहेबांना त्याचा उपयोगही नसतो. मोतीबिंदूसाठी हाच अर्ज चालेल, फक्त फोनच्या जागी गाडी, वजन आणि धूळ येतील.

सगळं सांगणं योग्य ठरतं ते काम नजरेवर अवलंबून असेल तेव्हा: वाहनचालक, क्रेन किंवा कटिंग मशीन चालवणारे. तिथे डोळ्याची शस्त्रक्रिया लपवणं धोक्याचं आहे. वैद्यकीय रजेला दाखला लागत असेल, तर तो थेट एचआरकडे द्यावा, टीमच्या ग्रुपवर टाकू नये. त्यात ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक’ एवढं पुरतं का, हे एचआरला आधी विचारावं, आणि पुरत असेल तर डॉक्टरांकडून तेवढंच लिहून घ्यावं. तेही दवाखान्यातून निघण्यापूर्वी, नाहीतर एका कागदासाठी आणखी एक खेप होते.