लेक्चरमधून प्रश्नावली काढताना: सहमत-असहमत की थेट प्रश्न?

सर्व्हेवरचं लेक्चर ऐकलं, नोट्स झाल्या, आता खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणाऱ्या मुलींच्या बस प्रवासावर प्रश्नावली करायचीय असं धरू. नोट्समध्ये 'समाधान' एवढंच लिहिलेलं असतं, पण त्याला तसंच विचारता येत नाही, आधी तुकडे पाडायचे: थांबावं किती लागतं, गर्दी किती, संध्याकाळी परतताना सुरक्षित वाटतं का.

बहुतेकजण लगेच लिकर्टकडे वळतात, म्हणजे 'बस वेळेवर आणि स्वच्छ असते' असं वाक्य आणि खाली पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशी पाच उत्तरं. छापायला सोपं, भरायला पटापट. पण इथं दोन गोष्टी एकात आल्यात, बस वेळेवर येते पण घाण असते तर तिनं टिक कुठं करायची? वाक्य फोडलं तरी एक अडचण राहतेच, समोर प्रश्न विचारणारी ताई उभी आहे म्हणून माणूस सगळ्यालाच हो म्हणत जातो.

थेट प्रश्न असा: 'गेल्या सोमवार ते शनिवार, किती दिवस थांब्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबलात?' उत्तर ० ते ६. हा खरा आकडा आहे, सरासरी काढता येते. सहमत-असहमत मात्र नुसता क्रम आहे, 'सहमत' आणि 'पूर्ण सहमत' यातलं अंतर सगळीकडे सारखंच असं धरता येत नाही. थेट प्रश्नाची खोट म्हणजे आठवण, आणि त्या आठवड्यात सुट्टी आली तर आकडा फसवा येतो, म्हणून 'त्यातले किती दिवस कॉलेजला आलात' हे आधी विचारायचंच.

माझं मत स्पष्ट आहे, जे मोजता येतं ते थेट विचारा. सुरक्षित वाटणं मोजता येत नाही, तिथं लिकर्टच बरा, पण एका वाक्यावर नाही, चार-पाच वाक्यं घ्या आणि एखादं उलटं ठेवा, जसं 'अंधार पडल्यावर बसमध्ये भीती वाटते'. पूर्ण असहमतला १ ते पूर्ण सहमतला ५ असे गुण द्यायचे, आणि बेरीज करताना उलट्या वाक्याचे गुण ६ मधून वजा करायचे. जिनं 'सुरक्षित वाटतं' आणि 'भीती वाटते' दोन्हीला पूर्ण सहमत केलंय तिनं बहुतेक न वाचताच टिका मारल्यात.

पायलटला, म्हणजे मुख्य सर्व्हेआधी प्रश्नावली तपासून बघायला, आठ-दहा मुली पुरतात, पण मुख्य सर्व्हेत त्या नकोत. त्यांना उत्तर देताना मोठ्यानं विचार करायला सांगा, आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी तीनच गोष्टी लिहा: कुठं अडली, तिला काय कळलं, आपण काय बदललं. उदाहरणार्थ: 'प्रश्न ४. थांब्यावर म्हणजे गावचा की बेळगावचा असं विचारलं. बदल: सकाळी गावच्या थांब्यावर, संध्याकाळचा वेगळा प्रश्न.' अशी नोंद नसेल तर पुढं गाईडनी 'हा प्रश्न दोनदा का विचारलाय' म्हटल्यावर सांगायला काही राहत नाही.