लाँग थ्रो अडवायचा कसा: माणूस धरायचा की जागा?

फुटबॉलमध्ये समोरच्या टीमकडे टचलाइनवरून थेट बॉक्समध्ये लांब थ्रो टाकणारा कुणी आहे असं कळलं की कोचला आधीच ठरवावं लागतं, बॉक्समध्ये मॅन मार्किंग करायचं की झोनल उभं राहायचं. बरेच जण म्हणतात, कॉर्नरला जे करतो तेच इथे करू. मला हे पटत नाही. हाताने टाकलेला बॉल कॉर्नरपेक्षा हळू येतो, त्यामुळे डिफेंडरने अगदी नीट हेड केला तरी तो फार लांब जात नाही, पेनल्टी बॉक्सच्या आसपासच पडतो आणि तिथे पुन्हा समोरचाच कुणीतरी टपून बसलेला असतो.

आधी मॅन मार्किंग. फायदा सरळ आहे, प्रत्येकाला माहितीय आपला माणूस कोण, आणि गोल बसला तर कुणाचा सुटला हेही लगेच कळतं. पण लाँग थ्रोचा सगळ्यात घातक प्रकार म्हणजे नियर पोस्टचा फ्लिक, जवळच्या पोस्टपाशी बॉल डोक्याने हलकेच मागे सरकवायचा, आणि नेमकं तिथेच मॅन मार्किंग उघडं पडतं. २०१६ च्या युरोमध्ये नीसला इंग्लंड विरुद्ध आइसलँड बघा. इंग्लंडच्या रूनीने चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि सहाव्या मिनिटाला बरोबरी झाली. आइसलँडच्या गुन्नारसनचा लांब थ्रो, आर्नासनने रूनीच्या वर उडी मारून फ्लिक केला, आणि मागून पळत आलेला रॅग्नर सिगुर्डसन वॉकरच्या पुढे निघून जवळून गोल करून मोकळा. माणसं दोन्ही ठिकाणी होती हो! पण एक उंचीत हरला आणि दुसरा बॉलकडे बघत राहिला, आणि माणूस धरताना हे होणारच, कारण बॉल आणि माणूस दोन्ही एकाच वेळी नजरेत ठेवायला अंग अर्धवट वळवून उभं राहावं लागतं आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. वाईट याचं वाटतं की पाचच दिवस आधी ऑस्ट्रियाविरुद्ध आइसलँडने हाच थ्रो, हाच फ्लिक करून गोल मारला होता.

झोनलमध्ये तुम्ही माणूस सोडून बॉल जिथे पडणार ती जागा धरता. तुमचा सगळ्यात चांगला हेडर सिक्स यार्ड बॉक्सच्या जवळच्या कोपऱ्यावर, त्याच्या मागे दोन-तीन जण गोलसमोर, सगळ्यांची तोंडं थ्रोकडे. इथे त्रास असा की समोरचे पळत येऊन उडी मारतात आणि तुमचे जागेवरून, त्यामुळे उंची असूनही हरायला होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर जागा धरा, पण फ्लिक करणारा एकटा माणूस मात्र धरा, आणि तोही दोघांनी. एक त्याच्या पुढे, म्हणजे थ्रोच्या बाजूला, आणि एक पाठीला चिकटून. पुढच्याने हेड जिंकलाच पाहिजे असं नाही, फ्लिक करणाऱ्याला सरळ, मोकळी उडी मिळू दिली नाही तरी पुष्कळ, फ्लिक वाकडा जातो. फक्त त्याला हाताने धरू किंवा ढकलू नका, समोरच्यांना पेनल्टी मिळेल. निव्वळ मॅन मार्किंग तेव्हाच करा जेव्हा तुमचे चार-पाच जण हवेत खरंच त्यांच्यापेक्षा भारी असतील.

आता एक गोष्ट जी खूप टीम विसरतात. थ्रोवरून थेट ऑफसाइड नसतो, पण फ्लिक झाला की त्या क्षणापासून ऑफसाइड लागू होतो. म्हणजे कीपरला खेटून उभा राहिलेला अटॅकर फ्लिकच्या वेळी ऑफसाइड ठरू शकतो, आणि तुम्ही सवयीने एक माणूस लांबच्या पोस्टला गोललाइनवर ठेवला असेल तर तोच सगळ्यांना ऑनसाइड करतो. मी तरी पोस्टवर कुणी ठेवणार नाही.

कीपरने काय करायचं ते थ्रो बघून ठरवा. उंच, तरंगत येणारा असेल तर त्याला बाहेर येऊ द्या, वेळ मिळतो. स्टोक सिटीच्या रोरी डेलॅपसारखा सपाट आणि जोरात येणारा असेल तर गर्दीत शिरून अर्धवट पंच मारण्यापेक्षा लाइनजवळ थांबलेलं बरं. त्या डेलॅपचा धसका असा होता की २००८ मध्ये हल सिटीचा कीपर मायहिलने थ्रो द्यायचा नाही म्हणून बॉल मुद्दाम कॉर्नरला घालवला होता.

आणि सगळे अकरा बॉक्समध्ये कोंबू नका. एक जण थ्रो टाकणाऱ्याजवळ हवा, नियमाप्रमाणे २ मीटर लांब, नाहीतर ते छोटा थ्रो टाकून बॉल परत घेतात आणि आरामात क्रॉस मारतात. दुसरा बॉक्सच्या कडेला समोर, सेकंड बॉलसाठी, आणि हा तुमचा हळू पळणारा माणूस नको, कारण पहिल्यांदा हेड केलेला बॉल पडतो तो बहुतेक वेळा त्याच्याच पायाजवळ.