स्लायडिंग खिडकीच्या खाचा: कोरडा ब्रश, पाणी, की पल्ला उतरवणे?

ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये साचलेला थर काढण्याचे घरच्या घरी तीन मार्ग आहेत. खिडकी जागेवर ठेवून कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने कचरा उचलणे, साबणाचे पाणी घालून धुणे, किंवा पल्ले उतरवून ट्रॅक पूर्ण मोकळा करणे. यांपैकी कोणता मार्ग निवडावा हे त्या थरात काय आहे आणि तो ओला झालेला आहे की नाही यावर ठरते. येथे दोन काचेचे पल्ले, एक जाळीचा पल्ला आणि तीन ट्रॅक असलेली, शहरातील फ्लॅटमध्ये सर्रास दिसणारी खिडकी डोळ्यांपुढे ठेवली आहे. सरकत्या दाराबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

पुष्कळ घरांमध्ये सुरुवातच पाण्याने होते, आणि माझ्या मते तेथेच काम बिघडते. ट्रॅकमधला कचरा म्हणजे रस्त्याची बारीक धूळ, कपड्यांचे तंतू, मेलेले डास आणि पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणाऱ्या वाळवीच्या पाखरांचे गळून पडलेले पंख. हे सारे कोरडे असते तोवर सुटे असते. ब्रशच्या एका फटकाऱ्याने उचलले जाते. त्यावर मगभर पाणी ओतले की धुळीचा चिखल होतो, पंख ओल्या कागदासारखे धातूला चिकटतात आणि हा सगळा लगदा वाहत जाऊन दोन ठिकाणी थांबतो. एक म्हणजे आडवी आणि उभी चौकट जिथे मिळते तो कोपरा, आणि दुसरे म्हणजे बाहेरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी ठेवलेली लहान भोके. भोकात बसलेला चिखल दोन दिवसांत वाळून घट्ट होतो. पुढच्या पावसात ट्रॅकमध्ये पाणी तुंबून आतल्या भिंतीवर ओघळते, तेव्हा खिडकी गळते असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा केवळ निचरा बंद झालेला असतो.

पाण्यासोबत काय वापरले जाते, हाही प्रश्न आहे. धुण्याचा सोडा तीव्र अल्कधर्मी असतो आणि बाथरूम स्वच्छ करण्याच्या ॲसिडप्रमाणेच तोही ॲल्युमिनियमला खातो. पृष्ठभाग पांढुरका आणि खरखरीत होतो, आणि खरखरीत झालेल्या ट्रॅकमध्ये धूळ अधिक लवकर धरते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकल्यावर येणारा फेस दिसायला छान असतो, परंतु दोघे एकमेकांची शक्ती मारून टाकतात. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घातलेले कोमट पाणी या कामाला पुरते.

कोरड्या पद्धतीचा मोठा फायदा असा की, ती निम्म्याहून अधिक काम कोणताही धोका न पत्करता करते. यासाठी एक इंच रुंदीचा रंगाचा ब्रश, जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरची निमुळती नळी घ्यावी. व्हॅक्यूम क्लीनर नसल्यास पुठ्ठ्याचा तुकडा सुपलीसारखा धरला तरी चालते. दोन्ही पल्ले एका बाजूला सरकवून मोकळा झालेला अर्धा भाग टोकाकडून मध्याकडे झाडावा, मग पल्ले दुसऱ्या बाजूला नेऊन उरलेला अर्धा भाग घ्यावा. कोपऱ्यातला घट्ट कचरा आइसक्रीमच्या लाकडी काडीने सुटा करावा. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, कारण त्याच्या टोकाने ट्रॅकवरचा संरक्षक थर ओरखडला जातो. सुटे सर्व निघाल्यानंतरच पिळलेले ओले फडके काडीला गुंडाळून फिरवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. पाण्याची खरी जागा ही अशी शेवटची आहे. नाकावर मास्क मात्र पहिल्यापासून हवा.

या पद्धतीची मर्यादा पल्ल्याच्या पोटाखाली आहे. पल्ला ज्या चाकांवर सरकतो त्यांच्याभोवती तंतू आणि केस गुंडाळले जातात, आणि पल्ल्याच्या कडेला लावलेल्या केसाळ पट्टीत किड्यांचे पाय-पंख अडकून बसतात. जागेवरून तेथे हात पोहोचत नाही. ट्रॅक झाडून झाल्यावरही पल्ला एखाद्या ठरावीक ठिकाणी अडत असेल तर दोष ट्रॅकमध्ये आहे. मात्र तो सगळीकडे सारखाच जड जात असेल किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर चाके पाहण्याची वेळ झाली आहे, आणि मग पल्ला उतरवण्याला पर्याय नाही.

उदाहरणादाखल आमच्या शयनगृहाची, रस्त्याकडची खिडकी घ्या. पल्ला साधारण अडीच फूट रुंद आणि चार फूट उंच, काच पाच मिलिमीटरची. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो धरतात. या हिशेबाने केवळ काच साडेअकरा किलोची होते. एवढे वजन हात लांब करून उचलायचे असल्याने आम्ही दोघे होतो. बाहेर पक्के ग्रिल आहे. ते नसते तर वरच्या मजल्यावर हे काम मी घरी केलेच नसते. खिडकी पूर्ण बंद असताना मधल्या उभ्या पट्ट्या एकमेकांत अडकलेल्या असतात, म्हणून पल्ले अर्धवट सरकवून घेतले. आतल्या ट्रॅकवरचा पल्ला दोन्ही बाजूंनी धरून वरच्या खाचेत सरळ उचलला, खालची कड ट्रॅकच्या वर आली तशी ती स्वतःकडे ओढली आणि पल्ला खाली घेतला. पल्ला वर जातच नसेल तर वरच्या खाचेत बसवलेला ठोकळा आधी काढावा लागतो. जोर लावू नये. चाकाभोवती केसांचे वेटोळे इतके घट्ट बसले होते की, चाक फिरत नसून घसरत होते. ते चिमट्याने ओढून काढल्यावर तोच पल्ला एका बोटाने सरकू लागला.

बाल्कनीच्या सरकत्या दाराला हा मार्ग मी सुचवणार नाही. साडेतीन फूट बाय सात फुटांच्या पल्ल्यात पाच मिलिमीटरची काचच अठ्ठावीस किलोंच्या वर जाते. तेथे पायांनी दाबली गेलेली माती कोरड्या ब्रशने आणि काडीने नियमित काढावी, आणि चाकांसाठी ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्या कारागिराला बोलवावे.

कोरडे आधी, या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ट्रॅकमध्ये कबुतरांची विष्ठा असेल तर ती कोरडी झाडू नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना अपाय करते. पाणी फवारून ती भिजवावी, कागदाने उचलावी, आणि भोके त्याच दिवशी मोकळी करावीत.

कोणतीही पद्धत निवडली तरी अखेरीस ट्रॅकमध्ये अर्धा पेला पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहावे. न पडल्यास भोकात बाहेरच्या बाजूने बारीक तार घालावी. पल्ला हलका सरकावा म्हणून खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये, कारण त्यावर धूळ बसून आठवडाभरात काळे वंगण होते. त्याऐवजी मेणबत्तीचा तुकडा ट्रॅकच्या कडेवर एकदा घासावा. पल्ले उतरवण्याचे काम आम्ही दिवाळीऐवजी मेअखेरीस करतो, म्हणजे पावसाआधी निचरा मोकळा असतो. नंतर वाळवीची पाखरे आलेल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी, लादी पुसण्याआधी, पाच मिनिटे कोरडा ब्रश फिरवला की पंख ओले होण्याआधीच निघून जातात.